माझं दूध तपासणारी एस्तेर

सकाळी सातला डेअरीच्या डॉकवर पहिली गाडी लागायची. पहिल्या कॅनचं झाकण निघालं की एस्तेर त्यावर वाकायची. हात पाठीमागे बांधलेले, डोळे मिटलेले. एकच श्वास घ्यायची आणि सरळ व्हायची. मान हलली की कॅन आत. काही न बोलता ती पुढच्या कॅनकडे सरकली की समजायचं, हा बाजूला ठेवा. नळ्या, ॲसिड, फॅटचं मशीन हे सगळं नंतर. तिचं म्हणणं होतं, मशीन कागदासाठी असतं, दूध नाकाला आधी कळतं.

ते कॅन माझ्या रूटचे असायचे. आणि ती बाई तीन वर्षं माझी होणारी बायको होती. त्यानंतरचे वीस महिने ती मॅडम होती आणि मी सर.

हे मी तिचं कौतुक करायला लिहीत नाही. माझी तिच्याबद्दल एक तक्रार आहे, ती मी मध्ये सांगणारच. पण इतक्या वर्षांत मी शेकड्यांनी माणसं पाहिली, गवळी, ड्रायव्हर, व्यापारी, साहेब लोक. समोरच्याचा भाव मी दोन मिनिटांत करतो. हिचा करता आला नाही.

मी पाथर्डीकडचा. आईबाप दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, मी मावशीकडे राहून शाळा केली. दोघं लवकर गेले. पुढचं सगळं मी माझ्या तोंडावर केलं. आधी सायकलवर दूध, मग टेम्पो, मग सोनईजवळच्या या खाजगी डेअरीत दूध गोळा करायची नोकरी. काम म्हणजे गावोगाव फिरायचं, संकलन केंद्रं जोडायची, शेतकऱ्याला दुसऱ्या डेअरीकडे जाऊ द्यायचं नाही. या कामात ज्याला घासाघीस येत नाही तो महिनाभर टिकत नाही. मला येते. रागही येतो, तो कामाचा भाग आहे असं मी तेव्हा समजत होतो.

एस्तेर तिथं प्रयोगशाळेत होती. बापलेकी दोघंच. वडील मिशनच्या शाळेत शिपाई होते, निवृत्त झालेले. पहिल्याच आठवड्यात तिनं माझे दोन कॅन परत पाठवले. मी तणतणत आत गेलो. ती बाटल्या धूत होती. मागं न बघता म्हणाली, "दगडी झालेल्या गाईचं दूध आहे त्यात. कुणाची गाय ते शोधा, औषध द्यायला सांगा. मग भांडायला या." मी गाय शोधली. खरंच कासेला सूज होती. भांडायला परत गेलो नाही, चहा घेऊन गेलो.

तिच्या सवयी सांगतो. ती बाजारात भाव करत नसे. भाजीवाल्यानं भाव सांगितला की घ्यायची किंवा पुढं जायची. मी सोबत असलो की मला लाज वाटायची, तिच्या भोळेपणाची. तिला माझी वाटायची. पांढरा कोट रोज घरून इस्त्री करून आणायची, डेअरीचा धोबी लावायची नाही. डब्यात रोज भाकरी, आणि शुक्रवारी न चुकता अंडी. हसताना तोंडावर हात धरायची. राग आला की नळ्या धुवायची, धुतलेल्या नळ्या परत धुवायला लागली की डॉकवरचे बाबूमामा म्हणायचे, "आज पानी वाया चाललं. कुनीतरी मॅडमला बोललं."

बाबूमामा म्हणजे डॉकवरचा सगळ्यात जुना माणूस. कॅन उतरवायचा, नमुने काढायचा आणि सगळ्यांच्या घरचं सगळं जाणून असायचा.

आता तक्रार.

लग्नाची बैठक तिच्या घरी झाली. तिच्याकडून वडील, काका आणि चर्चचे पाळकसाहेब. माझ्याकडून मी. मावशी होती, पण ती पदर सावरत बसलेली. ज्याला बाप नाही त्यानं आपल्या लग्नाचं बोलणं स्वतःच करायचं, दुसरं कोण करणार? मी हुंडा मागितला नाही. हे मी तेव्हाही सांगितलं, आताही सांगतो. फक्त जेवणावळ त्यांच्या दारी ठरली, म्हणून माझ्याकडची माणसं किती यावीत यावर बोलणं सुरू झालं. वडील म्हणाले, तीनशे. मला चारशे हवी होती, म्हणून मी आठशे म्हणालो. कुठलाही व्यवहार असाच सुरू होतो. ते चारशेवर आले. मग मला वाटलं, हा माणूस लगेच उतरतो. मग मी मंडपाचा खर्च काढला. मग पाथर्डीहून येणाऱ्या गाड्या काढल्या. ते प्रत्येक वेळी चष्मा काढून पुसायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे, जावईबापू." शेवटी मी वाजंत्रीसुद्धा त्यांच्याकडं टाकली आणि मांडीवर थाप मारून हसलो. पाळकसाहेबही हसले. एस्तेर चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

दुसऱ्या दिवशी डॉकवर, पहिली गाडी यायच्या आधी, ती म्हणाली, "योसेफ, मला हे लग्न करायचं नाही."

मी विचारलं, "काय कमी करू?"

हे माझ्या तोंडून गेलं. देवाशपथ, मला ते वाकडं वाटलंच नाही. गाड्या सोडतो, वाजंत्री सोडतो, असं मनात चाललं होतं. ती म्हणाली, "माझ्या बापाला तू गवळ्यासारखं घासलंस. त्यांनी हो म्हटलं ते मी तुझ्याकडं जाणार म्हणून. आणि तू हसलास." मग ती आत गेली आणि नळ्या धुवायला लागली.

माझी तक्रार अशी, की तिनं एकच भाव सांगितला. मी माफी मागायला तयार होतो. त्यांच्या पाया पडायला तयार होतो. महिनाभर निरोप पाठवले. चुकलेल्या माणसाला एकदा तरी दुसऱ्यांदा बोलावतात. तिनं बोलावलं नाही.

नोकरी दोघांनाही सोडता येत नव्हती. तिचं घर तिच्या पगारावर चालायचं, माझ्या सगळ्या ओळखी त्या रूटवर होत्या. आणि काम असं, की माझं दूध तिच्या नाकाखालून गेल्याशिवाय पुढं जाऊ शकत नव्हतं. दिवसाला दोन वेळा, सकाळी आणि संध्याकाळी. रविवारीसुद्धा, गाईला रविवार नसतो.

लग्न मोडल्याचं एका दिवसात सगळ्या प्लँटला कळलं. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम उशिरा, मागच्या फाटकातून गेलो. कोपऱ्यात गाडी लावतोय तोवर ती डॉकवरून सगळ्यांसमोर म्हणाली, "गुड मॉर्निंग, सर." आवाज ना गोड, ना तुटक. डॉकवरची पंधरा माणसं हातातलं काम थांबवून माझ्याकडं बघत होती. मी पुटपुटलो, "मॉर्निंग." माणसं परत कामाला लागली. त्या दिवसापासून रोज तेच, त्याच पट्टीत. मी ऐकून ऐकून वैतागलो. मग एक दिवस लक्षात आलं, की त्या एका वाक्यानंतर डॉकवरचं कुणी आमच्याकडं बघत नाही.

त्या तिसऱ्या दिवशीच दुपारी तिनं बॉयलरच्या मागं, सावलीच्या बाकावर मला दहा मिनिटं बोलावलं. मी शर्ट नीट करून गेलो, मनात आशा होती. ती म्हणाली, "इथं रोज यायचंय, म्हणून एकदाच बोलू. मागच्या फाटकानं येऊ नका. लपलं की लोक शोधतात. कामाचं ग्रुपवर बोलायचं, वेगळा फोन नाही. बाबूमामांकरवी निरोप तर अजिबात नाही. जेवणाची वेळ बदलायची नाही, मी खिडकीकडच्या टेबलावर बसते, तुम्ही दाराकडं बसा. माझ्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणा, त्यांनाच विचारा. मीही तेच म्हणेन."

"आणि आपलं बोलणं?" मी विचारलं.

"ते झालं की."

"एस्तेर..."

"मॅडम," ती म्हणाली, आणि उठली.

दुसऱ्या दिवसापासून डॉकवर नवीन पद्धत सुरू झाली. नमुन्याच्या बाटलीवर गावाचं नाव लिहायचं बंद. बाबूमामा दूध ढवळून नमुना काढणार, बाटलीवर नुसता आकडा चिकटवणार, कुठला आकडा कुणाचा ते स्वतःच्या वहीत ठेवणार. आत तिला फक्त आकडे. पास-नापास लिहून झालं की वही उघडायची. कॅनचा वाससुद्धा ती आता डॉकवर घेईना, बाटलीचाच घ्यायची. मॅनेजरसाहेबांकडून तिनं स्वतः मागून घेतली होती ही पद्धत.

मला हे फार लागलं. म्हणजे हिला वाटतं, मी हिच्यावर संशय घेईन? का हिला स्वतःचीच खात्री नाही? दोन्हीपैकी काहीही असलं तरी अपमान माझाच. मी बाबूमामांना म्हणालो, "आता आमचं दूध नंबरावर आलं, तुरुंगातल्यासारखं."

ते म्हणाले, "तुमचं कशाला? समद्यांचंच हाय. तुमी उगं तुमच्याच अंगावर घेताय."

अशा वेळी समोरच्याला पारखून बघायची मला खोड आहे. एका सकाळी बाबूमामांना तंबाखूची पुडी दिली आणि एकाच कॅनमधून दोन बाटल्या भरून घेतल्या. एकीवर सात, दुसरीवर अकरा. मला बघायचं होतं, दोन्हींचं फॅट वेगळं निघतंय का. वेगळं निघालं तर मी साहेबांच्या टेबलावर कागद आपटणार होतो.

तासाभरानं निकालाचा कागद आला. सात आणि अकरा, फॅट सारखं, सगळं सारखं. खाली तिच्या बारीक अक्षरात: "दोन्ही नमुने एकाच कॅनचे आहेत. असे पुन्हा करू नये. ॲसिड वाया जाते." कुणाचं नाव नाही. बाबूमामांनी मला वाचून दाखवलं आणि पुडी परत दिली. "ही ठिवा तुमी. मला पचायची न्हाई."

तो काळ माझा वाईट होता, खोटं कशाला बोलू. रात्री मी मोबाईलवर तुटलेल्या मनाची गाणी स्टेटसला ठेवायचो. प्लँटमधली सगळी बघायची, सकाळी कँटीनमध्ये कुणीतरी तेच गाणं गुणगुणायचं. मला हवं होतं तिनं बघावं. ती बघायची, नाव दिसायचं. एकदा मी फारच जहरी गाणं ठेवलं, बेवफा बाईवरचं. पाच मिनिटांत तिचा मेसेज आला, ग्रुपवर, सगळ्यांसमोर. लिहिलं होतं: "सर, रूट पाचची गाडी उद्या किती वाजता? कूलिंग टँक धुवायचा आहे." खाली साहेबांनी अंगठा दिलेला. मी ते गाणं काढून टाकलं. त्यानंतर ठेवलं ते डायरेक्ट नाताळचं.

मला वाटायचं, हिला काहीच होत नाही. काळीज दगडाचं आहे. मी सगळ्यांना तेच सांगायचो, म्हणजे "त्यांनाच विचारा" हा नियम मीच मोडत होतो.

एका दुपारी मी कोल्ड रूमकडं गेलो, पनीरची पेटी बघायला. दाराला जाड प्लास्टिकच्या पट्ट्या लावलेल्या असतात, त्यातून आतलं धुरकट दिसतं. आत चार डिग्री. लोण्याच्या खोक्यांना टेकून एस्तेर उभी होती, कोटाच्या खिशात दोन्ही हात घालून, आणि रडत होती. आवाज नव्हता, खांदे हलत होते. त्या दिवशी कँटीनमध्ये मी मोठ्यानं बोललो होतो, की बरं झालं सुटलो, नाहीतर आयुष्यभर ॲसिडची टेस्ट दिली असती. सगळे हसले होते. ती खिडकीकडच्या टेबलावर होती.

मी मागं सरलो. चार-पाच मिनिटांनी ती बाहेर आली. बाबूमामा समोर होते. म्हणाले, "डोळं लाल झालं मॅडम."

"कूलिंगच्या अमोनियाचा वास येतोय आत," ती म्हणाली. "मेंटेनन्सला सांगा."

ती तिथून सरळ डॉकवर गेली. संध्याकाळची गाडी लागली होती, माझी. "गुड इव्हनिंग, सर," ती म्हणाली. तीच पट्टी.

बाबूमामा मला नंतर म्हणाले, "अमोनिया न्हाई न काय न्हाई. आठवड्यातनं दोनदा जाती ती तिथं. मी दाराशी उभा ऱ्हातो, कुनी जाऊ न्हाई म्हनून. आज कुटं तरी बिडी प्यायला गेल्तो, अन् तुमीच टपकला."

त्या दिवसापासून कँटीनमधलं माझं तोंड बंद झालं. सुधारलो म्हणून नाही. मला इतकंच कळलं, की जे मला रोज जड जातंय ते तिलाही तेवढंच जातंय, फक्त ती ते आत जाऊन फेडते आणि मी चारचौघांत.

तरी तक्रार होतीच. आणि त्या तक्रारीचा मला उपयोग करता येईल अशी वेळ आली.

उन्हाळ्याच्या तोंडाला साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते साधे, भांडण टाळणारे गृहस्थ होते. म्हणाले, "हे बघा, दोघं एका डॉकवर, लोक बोलतात. तुमच्या रूटला त्रास होत असेल तर मॅडमना पूर्वेकडच्या शीतकरण केंद्रावर हलवतो. तुम्ही फक्त तोंडी सांगा. तक्रार लिहायची गरज नाही."

ते केंद्र म्हणजे दोन टाक्या आणि एक शेड. तिथं प्रयोगशाळा नाही, जायला धड एस.टी. नाही. वडिलांना एकटं टाकून तिला तिथं राहावं लागलं असतं, किंवा नोकरी सोडावी लागली असती. साहेबांनी मला हलवायचा विचारही केला नव्हता. गावं माझ्या ओळखीवर होती ना.

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. म्हणालो, "विचार करून सांगतो, साहेब." हे माझं नेहमीचं वाक्य. हातात आलेली गोष्ट लगेच सोडायची नाही. चार दिवस तिची नोकरी मी खिशात घेऊन फिरलो, आणि रोज सकाळी "मॉर्निंग, मॅडम" म्हणत राहिलो. तिला कळलं होतं, असं बाबूमामांनी मला नंतर सांगितलं. साहेबांनी तिलाही विचारलं होतं. ती म्हणाली होती, "मी इथंच बरी आहे. पण सर काय म्हणतील ते."

पाचव्या दिवशी आप्पांच्या गावचा टँकर आला.

आप्पा म्हणजे माझ्या रूटवरचं सगळ्यात मोठं केंद्र चालवणारा माणूस. गावातल्या मोठ्या कूलरमध्ये रात्रीचं आणि सकाळचं दूध साठायचं आणि टँकरनं यायचं. आदल्या रात्री त्यांच्याकडं लाईट नव्हती. हे मला माहीत होतं. जनरेटरमध्ये डिझेल आहे, असं आप्पा फोनवर म्हणाले होते.

नमुना आत गेला. अल्कोहोलची टेस्ट पास. उकळून बघितलं, दूध फाटलं नाही. आम्ही निवांत. पण टँकर खाली करायचा सिग्नल येईना. मी दारातून बघितलं. ती बाटली नाकाशी धरून उभी होती. खाली ठेवली, परत उचलली. मग नळीत थोडं दूध घेतलं आणि त्यात रोझोलिक ॲसिडचे थेंब टाकले. साधं दूध असेल तर ते तपकिरी होतं. हे गुलाबी झालं, चांगलं गुलाबासारखं. याचा अर्थ एकच. दूध आंबायला लागलं होतं, ते लपवायला कुणीतरी सोडा घातला होता.

तिनं आकड्यासमोर नापास लिहिलं. बाबूमामांनी वही उघडली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

अर्ध्या तासात आप्पा आणि गावची दहा-बारा माणसं मोटारसायकलींवर हजर. आप्पांचा आवाज मोठा. "आजवर एक कॅन परत गेला न्हाई आमचा! आन् आज अख्खा टँकर? व्हय?" साहेब केबिनमधून बाहेर आले. एस्तेर डॉकच्या पायरीवर उभी राहिली, हातात ती गुलाबी नळी. तिनं शांतपणे सांगितलं, यात सोडा आहे. हे दूध घेतलं तर लहान मुलांच्या पोटात जाईल.

"सोडा न्हाई न बिडा न्हाई!" आप्पा माझ्याकडं वळले. "आमाला म्हाईत न्हाई का? या बाईचं अन् तुमचं लगीन मोडलं, तवापासून ही तुमच्या रूटवर खार खातीय. सूड घेतीय ती! सांगा की सर, तुमीच सांगा सायबाला!"

डॉकवर कॅनचा आवाजसुद्धा थांबला. चौदा महिने जे कुणी उघड बोललं नव्हतं ते आप्पांनी भर सकाळी बोलून टाकलं. साहेब माझ्याकडं बघत होते. मी एक शब्द बोललो असतो तरी पुरे होतं. बोललोही नसतो तरी चाललं असतं, नुसता खांदे पाडून उभा राहिलो असतो तरी. संध्याकाळपर्यंत तिच्या हातात बदलीचा कागद आला असता, आणि आप्पांचं गाव माझ्याकडं राहिलं असतं.

मी तिच्याकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती नळीकडं बघत होती. विनंती नव्हती तिच्या चेहऱ्यावर. भीती होती, नळी धरलेल्या बोटाचं नख पांढरं पडलं होतं. कोल्ड रूममधली एस्तेर तेवढीच त्या बोटात दिसत होती.

मी टँकरवर चढलो. झाकण उघडलं, डोकं आत घातलं आणि वास घेतला. तीन वर्षं तिच्या शेजारी उभं राहून जे शिकलो होतो, ते नाकाला आठवलं. आंबूस वास नव्हताच. ओल्या साबणासारखा होता.

खाली उतरलो आणि म्हणालो, "आप्पा, दूध खराब आहे. सोडा घातलाय. लाईट नव्हती, मला माहीत आहे. जनरेटर चालला नव्हता ना?"

"सर, तुमी बी?"

"मी बी. आणि बाटलीवर नाव नसतं, नंबर असतो. कुणाचं दूध ते मॅडमना माहीतच नव्हतं. विचारा बाबूमामांना."

बाबूमामांनी वही आप्पांच्या नाकासमोर धरली. आप्पांनी ती ढकलली, मला चार शिव्या दिल्या, दोन माझ्या बापाला दिल्या. एरवी मी गचांडी धरली असती. त्या दिवशी हात खिशात घातले. टँकर परत गेला. आप्पांचं गाव आठवड्यात दुसऱ्या डेअरीला गेलं. मला ते परत मिळालं नाही.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. "मॅडमना हलवू नका," म्हणालो. "माझी काही अडचण नाही. नव्हतीच."

बाहेर आलो तेव्हा काय वाटलं ते सांगतो. चार दिवस खिशात एखादी जड वस्तू घेऊन फिरावं, ती जागेवर ठेवून यावं आणि मग कळावं, की खांदा इतका दुखत होता. मी डॉकच्या नळावर तोंड धुतलं.

संध्याकाळी ती गाडीची वाट बघत फाटकाजवळ होती. मी जाताना म्हणाली, "आप्पांचं गाव जाणार का?"

"जाणार."

"चुकलं त्या जनरेटरचं. बाकी गावांचे जनरेटर बघून घ्या, उन्हाळा आहे."

"बघतो." मग मी थांबलो. "मॅडम, एक विचारू? ते नंबर तुम्ही का लावले? माझ्यावर भरवसा नव्हता?"

ती तोंडावर हात धरून हसली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. "माझ्यावर नव्हता. तुमची गाडी आली की मला इतका राग यायचा, की वास नीट येत नव्हता. एकदा जरी रागानं नापास केलं असतं, तर पुढं माझ्या नापासाला कोण विचारणार होतं?" मग म्हणाली, "सगळे म्हणायचे, मॅडम किती शांत. शांत कसली. रोज घरातून निघताना मिशनच्या देवळापाशी थांबायचे, म्हणायचे, आजचा दिवस काढ. दुसऱ्या दिवशी परत तेच."

"आणि आता?"

"आता येतो वास," ती म्हणाली. मग थोडं वेगळ्या आवाजात, "बाबा तुमची चौकशी करतात अधूनमधून. रागावलेले नाहीत ते. रागावले होते ते मीच."

मी तिथं काही जास्तीचं मागितलं नाही. मागता आलं असतं. माणूस थोडा सैल झाला की मी नेहमी मागतो. त्या दिवशी मनातच आलं नाही. माझी तक्रार? आहे अजून. तिनं एकदा तरी बोलवायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. पण आता ती तक्रार आहे, दुखणं नाही.

पुढचे सहा महिने आम्ही तसेच काढले, पण सोपे गेले. "गुड मॉर्निंग" तेच राहिलं. मी ते रेडिओवरच्या जाहिरातीसारखं ऐकायला लागलो, म्हणजे न ऐकता. एका सकाळी रूटवरून घरी पोचल्यावर आठवलं, की आज ती डॉकवर होती की नव्हती, हेच मला माहीत नाही. मी मोटारसायकलच्या सीटवर बसून एकटाच हसलो.

पावसाळा सरल्यावर तिला संगमनेरच्या एका डेअरीनं बोलावलं. तपासणी विभाग पूर्ण तिच्या हाताखाली, राहायला दोन खोल्या, वडिलांना घेऊन. बाबूमामांनी तिला नारळ दिला. साहेबांनी भाषण केलं, ते तिला आवडलं नाही, कोटाच्या बटणांशी चाळा करत बसली. जायची एस.टी. चुकली तर म्हणाली, आपलाच टँकर त्या बाजूला जातोय, त्यातून जाते. वडील आधीच पुढं गेले होते.

मी तेव्हा डॉकवर संध्याकाळची गाडी उतरवत होतो. ती टँकरच्या केबिनमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसली, मांडीवर जेवणाचा डबा आणि वर नारळ. काच खाली केली.

"निघते, सर."

"या, मॅडम."

ड्रायव्हरनं गिअर टाकला. टँकर फाटकातून बाहेर पडून संगमनेरच्या रस्त्याला लागला, आणि तिनं आतून काच वर घेतली, धूळ येत होती म्हणून. मागं वळून बघितलं नाही तिनं. मीही टँकर दिसेनासा होईपर्यंत उभा राहिलो नाही; गाडीवर सहा कॅन उरले होते.

बाबूमामा शेजारी आले. माझ्या तोंडाकडं निरखून बघत म्हणाले, "रडू येतंय का, सर?"

"न्हाई, मामा," मी म्हणालो. "भूक लागलीय. लई."

ते खरं होतं. आम्ही दोघांनी उरलेले कॅन उतरवले आणि कँटीनमध्ये जाऊन गरम गरम भजी खाल्ली, दोन प्लेटी.